संथ आकड्यांचा पडदा

मॉन्झाच्या सरळ रस्त्यावर गाडी ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगाने धावत असते. हिशेब केला तर सेकंदाला 83 मीटर. रस्ता संपला की लगेच जोरदार ब्रेक मारून उजवीकडे वळायचं असतं. माझा भाचा नेमका त्याच वेळी स्टिअरिंगवरचं बटण दोनदा दाबून पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत इंधन किती उरलंय ते शोधत होता. सापडलं, पण तोवर वळण मागे पडलं होतं आणि गाडी वाळूत होती.

"मामा, हे इंधन कायम डोळ्यासमोर नाही का ठेवता येणार?" त्याने विचारलं.

येतं. बऱ्याच घरांत त्यासाठी लागणारी वस्तू पडूनही असते. आमच्याकडे ती कपाटात होती : लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला आणि नंतर कुणी हात न लावलेला अँड्रॉइड टॅब. तो स्टिअरिंगच्या मागे उभा करायचा आणि चालू शर्यतीचे आकडे त्यावर दिसत राहायचे, एवढंच काम होतं. त्यात दोन संध्याकाळी गेल्या. त्यातल्या दीड संध्याकाळ 'आकडे दिसत का नाहीत' हे शोधण्यात गेल्या, म्हणून हा लेख.

आकडे बाहेर कसे पडतात

भाचा खेळतो तो खेळ म्हणजे 'एफ1 23'. खेळात गाडी खोटी असली तरी तिचं गणित पूर्ण चाललेलं असतं. प्रत्येक टायरचं तापमान, टाकीतलं इंधन, बॅटरीतली ऊर्जा, ब्रेकवर पाय किती दाबलाय हे सगळं क्षणाक्षणाला मोजलं जातं, नाहीतर गाडी खऱ्यासारखी वागणारच नाही. पडद्यावर त्यातलं थोडंच दिसतं. पण परवानगी दिली तर हा खेळ सगळे आकडे घरातल्या नेटवर्कवर पाठवतो. यालाच टेलिमेट्री म्हणतात, शब्दशः दूरवरून मोजमाप.

पाठवण्याची पद्धत यूडीपी नावाची आहे. तिचा स्वभाव समजला की पुढच्या निम्म्या अडचणी आपोआप समजतात. रेडिओवरचं क्रिकेटचं धावतं वर्णन आठवा. खरखर होऊन एक चेंडू ऐकू आला नाही, तर निवेदक तुमच्यासाठी थांबत नाही, पुढच्या चेंडूचं सांगतो. कोण ऐकतंय, कुणी ऐकतंय की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. यूडीपीही तसंच. खेळ सेकंदाला साठ वेळा आकड्यांचं एक पुडकं दिलेल्या पत्त्यावर फेकतो. पोचपावती मागत नाही, हरवलेलं पुन्हा पाठवत नाही. शर्यतीसाठी हेच योग्य आहे, कारण अर्ध्या सेकंदापूर्वीचा वेग आता मिळून उपयोग काय? मात्र याचा तोटाही आहे. पत्ता चुकला तरी खेळ कधीच तक्रार करत नाही. सगळं सुरळीत आहे अशा थाटात तो रिकाम्या खोलीत बोलत राहतो.

दोन रस्ते

आमची मांडणी अशी होती. खेळ प्लेस्टेशनवर. आकडे झेलून त्यांची चित्रं बनवणारा 'सिमहब' नावाचा प्रोग्रॅम विंडोज लॅपटॉपवर. आणि ती चित्रं दाखवायला टॅब. तिन्ही उपकरणं घरच्या एकाच राउटरला जोडलेली. म्हणजे आकड्यांना दोन रस्ते पार करायचे असतात : पहिला प्लेस्टेशन ते लॅपटॉप आणि दुसरा लॅपटॉप ते टॅब. ही दोन नावं लक्षात ठेवा. काहीही बिघडलं तर पहिला प्रश्न एकच, रस्ता कोणता?

पहिल्या रस्त्यासाठी लॅपटॉपचा पत्ता हवा. विंडोजच्या काळ्या खिडकीत `ipconfig` टाइप केलं की `IPv4 Address` समोर चार तुकड्यांचा आकडा दिसतो. आमचा होता `192.168.1.23`. मग खेळाच्या सेटिंग्जमध्ये टेलिमेट्रीचं पान उघडून हे भरलं :

```
UDP Telemetry       On
UDP Broadcast Mode  Off
UDP IP Address      192.168.1.23
UDP Port            20777
UDP Send Rate       60Hz
UDP Format          2023
```

पत्ता म्हणजे इमारत आणि पोर्ट म्हणजे फ्लॅटचा नंबर असं समजा. 20777 हा या खेळाचा नेहमीचा फ्लॅट, तो बदलायचं कारण नाही. शेवटची ओळ महत्त्वाची आहे. दर वर्षीच्या आवृत्तीत पुडक्यातल्या आकड्यांची मांडणी थोडी बदलते, आणि झेलणाऱ्या प्रोग्रॅमला कुठल्या वर्षाची मांडणी येतेय हे कळावं लागतं. म्हणून सिमहबमध्ये खेळ निवडतानाही 'एफ1 23'च निवडायचा. खेळ आणि सिमहब एकाच संगणकावर असतील तर पत्त्याच्या जागी `127.0.0.1` टाकायचं. त्याचा अर्थ 'मीच', आणि मग पहिला रस्ता घरातल्या घरात संपतो.

दुसरा रस्ता त्याहून सोपा आहे. सिमहब लॅपटॉपवर स्वतःचं एक छोटं संकेतस्थळ चालवतो. टॅबवर काहीही उतरवून घ्यावं लागत नाही. त्याच्या ब्राउझरमध्ये `http://192.168.1.23:8888` टाकलं की तयार डॅशबोर्डांची यादी येते आणि हवा त्यावर बोट ठेवलं की तो उघडतो. टॅब जुना असला तरी चालतो तो यामुळेच. त्याला फक्त एक वेब पान दाखवायचं असतं, मोजणी सगळी लॅपटॉप करतो.

पान उघडलं, आकडे मेलेले

पहिल्या संध्याकाळी टॅबवर पान उघडलंच नाही. म्हणजे बिघाड दुसऱ्या रस्त्यावर. कारण विंडोजचा पहारेकरी, फायरवॉल. घरचं वाय-फाय लॅपटॉपने कधीकाळी 'सार्वजनिक' म्हणून नोंदवून ठेवलं होतं, आणि सार्वजनिक जागी विंडोज बाहेरून येणाऱ्या कुणालाही दार उघडत नाही. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ते 'खासगी' केलं, सिमहबला परवानगी दिली, आणि पान उघडलं. हे करूनही उघडत नसेल तर टॅब राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर नाही ना, ते बघा. त्या वाय-फायवरच्या उपकरणांना इंटरनेट मिळतं, पण घरातली इतर उपकरणं बहुतेक राउटर त्यांच्यापासून लपवून ठेवतात.

पान उघडलं, सुंदर गोल काटे दिसले, पण सगळे शून्यावर. प्लेस्टेशनवर गाडी धावत होती आणि टॅबवर ती गॅरेजमध्ये उभी होती. आता दुसरा रस्ता चालू आहे हे नक्की होतं, कारण पान तिथूनच आलं. म्हणजे बिघाड पहिल्यावर. पण पहिल्या रस्त्यावर नेमकं कुठे? खेळ पाठवत नाही, की लॅपटॉपपर्यंत पोचत नाही, की पोचूनही सिमहबला कळत नाही?

याचा निकाल लावायला आम्ही सिमहब बंद केला आणि पायथॉनमधल्या दहा ओळी लिहिल्या. त्या फ्लॅट नंबर 20777 च्या दाराशी बसतात आणि आत काय येतंय ते वाचून दाखवतात :

```python
import socket, struct
s = socket.socket(socket.AF_INET, socket.SOCK_DGRAM)
s.bind(("0.0.0.0", 20777))
while True:
    d, who = s.recvfrom(2048)
    if d[6] == 6:
        i = 29 + 60 * d[27]
        speed = struct.unpack_from("<H", d, i)[0]
        gear = struct.unpack_from("<b", d, i + 15)[0]
        print(who[0], speed, gear)
```

प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी यातले आकडे समजून घेण्याजोगे आहेत, कारण 'पुडकं' म्हणजे काय ते त्यातून दिसतं. खेळ अनेक प्रकारची पुडकी पाठवतो, आणि गाड्यांच्या वेग-गिअरच्या पुडक्याचा क्रमांक 6 आहे. ते 1352 बाइट्सचं असतं. सुरुवातीचे 29 बाइट्स म्हणजे पाकिटावरचा मजकूर : कोणतं वर्ष, कोणत्या प्रकारचं पुडकं, तुमची गाडी कितवी. त्यानंतर 22 गाड्यांसाठी प्रत्येकी 60 बाइट्सचे कप्पे. म्हणजे आपली गाडी कितवी ते पाकिटावर वाचायचं, तेवढे कप्पे ओलांडायचे आणि पुढच्या कप्प्यातला पहिला आकडा घ्यायचा. तो वेग. पंधरा घरं पुढे गिअर. गिअर शून्य असेल तर न्यूट्रल आणि उणे एक असेल तर रिव्हर्स.

गाडी ट्रॅकवर असताना या ओळी चालवल्या की खिडकीत `192.168.1.40 287 8` अशा ओळी धडाधड यायला हव्यात : प्लेस्टेशनचा पत्ता, वेग, गिअर. पहिल्यांदा चालवताना विंडोज पायथॉनसाठीही परवानगी विचारतो, ती द्यायची. आमच्याकडे एकही ओळ आली नाही. म्हणजे पुडकी दारापर्यंतच येत नव्हती. लॅपटॉपचा पत्ता पुन्हा बघितला तर तो आता `192.168.1.27` झाला होता. मधल्या वेळात लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला होता आणि राउटरने त्याला नवा पत्ता दिला होता. खेळ मात्र इमानेइतबारे जुन्या पत्त्यावर आकडे फेकत होता.

यावर कायमचा उपाय राउटरमध्ये असतो. त्याच्या सेटिंगमध्ये लॅपटॉपसाठी एक पत्ता राखून ठेवता येतो, मग तो बदलत नाही. ते पहिल्याच दिवशी केलं असतं तर एक संध्याकाळ वाचली असती.

समजा ओळी धडाधड येतात आणि तरीही सिमहब मुका आहे, तर दोन शक्यता उरतात. एक, सिमहबमध्ये खेळ वेगळाच निवडलाय किंवा मांडणीचं वर्ष जुळत नाही. दोन, 20777 वर दुसराच कुणी प्रोग्रॅम आधीपासून बसलाय, कारण साधारणपणे एका फ्लॅटमध्ये एकच भाडेकरू राहू शकतो. म्हणूनच आमच्या दहा ओळी चालवताना सिमहब बंद करावा लागला. दोन प्रोग्रॅमना आकडे हवेच असतील तर सिमहबला ते झेलू द्यायचे आणि त्याच्याकडून दुसऱ्याला वेगळ्या पोर्टवर पुढे पाठवायचे. तशी सोय त्यात आहे.

गचके

दुसऱ्या संध्याकाळी आकडे जिवंत झाले, पण काटे गचके खात होते. थांबायचे, मग एकदम उडी मारायचे. याचं कारण आम्हीच केलेला एक शहाणपणा होता. पत्ता बदलण्याच्या भानगडीला वैतागून भाच्याने `UDP Broadcast Mode` चालू केला होता. त्यात पत्ता लागतच नाही, घरातल्या सगळ्या उपकरणांना एकदम हाक मारली जाते.

तारेवर ही हाक ठीक चालते, वाय-फायवर नाही. सगळ्यांसाठीची हाक सगळ्यांना ऐकू जावी म्हणून राउटर ती मंद गतीने देतो. शिवाय घरातला एखादा मोबाइल वीज वाचवण्यासाठी डुलकी घेत असेल, तर राउटर अशा हाका साठवून ठेवतो आणि ठरलेल्या वेळी एकदम सोडतो. ही ठरलेली वेळ अनेक राउटरांत सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याच्या पटीत असते. म्हणजे सेकंदाला साठ पुडकी एकेक करून येण्याऐवजी सहा-सहाच्या, बारा-बाराच्या झुंडीने येतात. काट्याचे गचके ते हेच. ब्रॉडकास्ट बंद करून राखीव पत्ता टाकला, प्लेस्टेशन आणि लॅपटॉप दोन्ही तारेने राउटरला जोडले, आणि गचके गेले. वाय-फायवर आता फक्त टॅब राहिला.

काय ठेवायचं, काय काढायचं

सगळं चालू झाल्यावर भाच्याने निवडलेला डॅशबोर्ड बघून मला विमानाची कॉकपिट आठवली. वेग, गिअर, इंजिनाचे फेरे, चार टायरांची चार-चार तापमानं, सगळ्या स्पर्धकांची यादी. त्याने पहिली शर्यत त्यावर खेळली आणि आधीपेक्षा वाईट खेळला.

इथे सिमहबची एक मर्यादा उपयोगी पडली. फुकट वापरला तर तो सेकंदाला दहाच वेळा आकडे ताजे करतो, परवाना घेतला तर साठ वेळा. ताशी तीनशेच्या वेगात गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात आठ मीटरच्या वर जाते. म्हणजे 'आता गिअर बदल' असं सांगणारे दिवे फुकट आवृत्तीत उशिरा पेटणार. पण मुळात ते दिवे टॅबवर हवेत कशाला? गिअर आणि वेग खेळाच्या मुख्य पडद्यावर आहेतच, आणि गिअर कधी बदलायचा ते तर कानालाच कळतं. टॅबकडे बघायला नजर खाली न्यावी लागते. अर्धा सेकंद गेला तरी चाळीसहून अधिक मीटर न बघता पार झाले.

म्हणून आम्ही आकड्यांचे दोन गट केले, वेगाने बदलणारे आणि संथपणे बदलणारे. वेग, गिअर, ब्रेक हे पहिले, ते टॅबवरून काढून टाकले. इंधन, बॅटरी, टायरांचं आतलं तापमान हे दुसरे. हे आकडे एका फेरीत हळूहळू सरकतात, त्यांच्याकडे सरळ रस्त्याच्या सुरुवातीला एकदा बघितलं की फेरीभर पुरतं. सेकंदाला दहा वेळा ताजे झाले तरी त्यांना काही फरक पडत नाही, आणि वाय-फायवर एखादं पुडकं हरवलं तरी नाही. खेळ हेच आकडे बटणांच्या मागे दडवतो, म्हणजे टॅबची खरी गरजही यांच्यासाठीच.

सिमहबच्या 'डॅश स्टुडिओ'त काळ्या पाटीवर चौकोन ओढून असा डॅशबोर्ड स्वतः बनवता येतो. आमचा तीन भागांचा आहे.

मधोमध, तळहाताएवढ्या अक्षरात, इंधनाचा एकच आकडा. टाकीत किती किलो उरलंय हा आकडा चालवणाऱ्याच्या कामाचा नाही, त्याला त्या वेळी भागाकार सुचत नाही. खेळ एक वेगळा आकडाही पाठवतो : शर्यत संपताना किती फेऱ्यांचं इंधन जास्त किंवा कमी पडेल. +0.5 म्हणजे अर्ध्या फेरीचं उरेल. -0.3 म्हणजे आत्तापासून वाचवायला लागा. शून्याखाली गेला की आमचा आकडा पांढऱ्याचा लाल होतो.

त्याखाली बॅटरीची आडवी पट्टी. खेळ ही ऊर्जा ज्यूलमध्ये पाठवतो, आणि भरलेली बॅटरी म्हणजे 40 लाख ज्यूल. 26 लाख ज्यूल वाचून कुणाला काही कळत नाही, पण 65 टक्के भरलेली पट्टी लगेच कळते.

कोपऱ्यांत चार टायरांचे चार चौकोन, आकडे नाहीत, फक्त रंग. रंग कधी बदलायचा ही मर्यादा कुणा दुसऱ्याची उचलू नये. भाच्याने न घसरता पाच फेऱ्या मारल्या, तेव्हा टायर कुठे स्थिरावतात ते लिहून ठेवलं आणि त्याच्या काही अंश वर मर्यादा ठेवली. इथेही एक चूक झाली. हा खेळ चार टायरांचे आकडे मागचा डावा, मागचा उजवा, पुढचा डावा, पुढचा उजवा या क्रमाने पाठवतो. सिमहब ते नीट नावांनिशी देतो, पण आम्ही चौकोन ओढताना डावं-उजवं उलटं केलं. ते लक्षात आलं मॉन्झामुळेच. तिथे गाड्या घड्याळाच्या दिशेने फिरतात, त्यामुळे मोठी वळणं उजवी आणि भार डाव्या टायरांवर. डावे टायर जास्त तापायला हवेत, आणि आमच्याकडे उजवे लाल होत होते. डॅशबोर्ड नवा असेल तेव्हा अशी एखादी आधीच माहीत असलेली गोष्ट ताडून बघावी. आकडा ऐटीत दिसतो म्हणून तो बरोबर असतो असं नाही.

राहता राहिला टॅब. तो दोन मिनिटांत झोपू नये म्हणून अँड्रॉइडच्या 'अबाउट' पानावर `Build number` वर सात वेळा बोट मारायचं. त्याने डेव्हलपर मेनू उघडतो आणि त्यात `Stay awake` चालू केलं की चार्जर लावलेला असेपर्यंत पडदा जागा राहतो. उजेड निम्म्यावर आणायचा आणि खेळ संपला की चार्जर काढायचा. जुनी बॅटरी सतत भरत ठेवली आणि टॅब तापत राहिला तर ती फुगू शकते. पडद्याची कड वर उचललेली दिसली की टॅब त्याच क्षणी वापरातून काढायचा.

गेल्या रविवारी पुन्हा मॉन्झा झालं. निम्म्या शर्यतीत मधला आकडा लाल झाला, -0.4. भाचा काही बोलला नाही. पुढच्या सरळ रस्त्यावर त्याने ब्रेकच्या खूप आधीच पाय उचलला आणि गाडीला तशीच वाहू दिलं. पुढच्या फेरीलाही तेच. चार-पाच फेऱ्यांत आकडा शून्यावर येऊन पांढरा झाला, आणि त्याने पहिलं वळण एकदाही चुकवलं नाही. टॅबकडे त्याने फेरीतून एकदाच बघितलं असेल.